मोडी वाटणीपत्राचे नऊ फोटो आणि एक घुसडलेला शब्द

आमच्या घरात मोडीतलं एक जुनं वाटणीपत्र आहे. कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवून केलेली नऊ फुटांची गुंडाळी. एका फोटोत मावली असती तर अक्षर वाचण्याजोगं राहिलं नसतं, म्हणून नऊ फोटो काढले. कापताना एक काळजी घेतली: फोटोच्या शेवटच्या 4 ओळी पुढच्या फोटोत पुन्हा सुरुवातीला येतील असं ठेवलं, आणि काप दोन ओळींमधल्या मोकळ्या पट्टीतूनच घेतला. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि विरामचिन्हंही नसतात, त्यामुळे अक्षरांवरून काप गेला तर अर्थ लावणं अवघड.

लिप्यंतर करणाऱ्या गृहस्थांचा दर ओळीला 20 रुपये. पाचव्या दिवशी टाइप केलेला मजकूर आणि 163 ओळींचं बिल हाती आलं. पैसे देऊन मोकळी झाले. नंतर सहज मूळ कागदावर पेन्सिलीचं टोक न लावता नुसत्या बोटाने ओळी मोजल्या, तर 131. उरलेल्या 32 म्हणजे नऊ फोटोंमधल्या 8 सांध्यांवरच्या दुबार ओळी! 640 रुपये गेले, हे एक वेळ सोडून दिलं असतं.

पण त्याच दुबार ओळींनी खरी भानगड उघडी पाडली. चौथ्या फोटोच्या शेवटी जे ‘आंब्याखालील शेत’ वाचलं होतं, तेच पाचव्याच्या सुरुवातीला ‘आंबीकडील शेत’ झालं होतं. एकाच माणसाने एकच ओळ दोन दिवसांत दोन तऱ्हांनी वाचली? छे. फोटो वेगवेगळ्या मुलांना वाटून दिले होते आणि कोणीही सलग वाचलं नव्हतं. शिवाय प्रत्येक फोटो नव्या परिच्छेदाने सुरू! धाकट्या भावाचं कलम चौथ्या फोटोत सुरू होऊन पाचव्यात संपतं. ते तुटल्यामुळे शेवटची दोन शेतं निराधार राहिली, म्हणून गृहस्थांनी त्यांच्यापुढे ‘समाईक’ हा शब्द पदरचा घातला. विचारल्यावर म्हणाले, “ताई, जुन्या कागदात असंच असतं.” पुढे फोन उचलेनात.

तुम्ही असं काम देणार असाल तर दुबार ओळी जरूर ठेवा, पण त्या कुठल्या हे वाचणाऱ्याला सांगू नका. प्रत्येक फोटोचा मजकूर आधी सुटा मागवा आणि दोन्ही वाचनं शेजारी ठेवून पाहा. जुळली की एक प्रत काढून टाका. ‘इथे फोटो 5 सुरू’ ही खूण वाक्याच्या मधेच, चौकटी कंसात घालायला लावा. परिच्छेद मोडायचा तो फक्त मूळ कागदावर नवं कलम सुरू होतं तिथेच. दर ठरवतानाच मूळ कागदावरच्या ओळींचा आकडा लिहून घ्या.

दुसऱ्या एका बाईंनी 131 ओळी सलग वाचून दिल्या. ती दोन्ही शेतं धाकट्याचीच निघाली, आणि ‘समाईक’ हा शब्द सबंध गुंडाळीत कुठेच नाही.