मुक्काम की दिवसभराची शेतसहल? शेतकरी कुटुंबाने आधी तास मोजावेत

शहरातील पर्यटकांना शेतावर बोलवायचे ठरले की त्यांना घरी मुक्कामाला ठेवायचे, की सकाळी येऊन संध्याकाळी परतणारी सहल घ्यायची, हा प्रश्न पुढे येतो. बहुतेक कुटुंबे रिकाम्या खोल्या मोजून त्याचे उत्तर ठरवतात. माझ्या मते आधी घरच्या माणसांचे तास मोजावेत, कारण खोली वर्षभर रिकामी असू शकते, पण पेरणी-कापणीच्या दिवसांत माणूस रिकामा नसतो आणि पाहुण्यांना यायचे असते ते नेमके त्याच दिवसांत.

एक उदाहरण मांडून पाहू. चार पाहुणे एका रात्रीसाठी आले, तर खोल्या तयार करण्यास 2 तास, स्वयंपाक व वाढण्यास 5, शेत दाखवण्यास 3 आणि नंतर चादरी धुण्यास 2, असे 12 तास धरू; म्हणजे माणशी 3 तास झाले. वीस जणांच्या दिवसभराच्या सहलीत पूर्वतयारीचे 3, स्वयंपाकाचे 8, सोबत फिरणाऱ्या दोघांचे मिळून 12 आणि आवराआवरीचे 3, असे 26 तास होतात, म्हणजे माणशी 1.3. सहल येथे स्वस्त दिसते. मात्र वीसऐवजी आठच जण आले, तर स्वयंपाक 5 तासांवर आणि आवराआवर 2 तासांवर येते, पण तयारी आणि सोबतीचे तास तेवढेच राहतात. एकूण 22 तास आठांवर वाटले की माणशी 2.75 होतात. उलट तेच चार पाहुणे तीन रात्री राहिले, तर खोली आणि चादरींचे 4 तास एकदाच लागतात, रोजचे 8 तास तीन दिवस लागतात, आणि दर माणशी दर रात्री साधारण 2.3 तासच पडतात.

दर याच हिशेबातून ठरवावा. सहलीसाठी किमान संख्या ठरवून आगाऊ रक्कम घ्यावी आणि संख्या घटली तरी किमान संख्येचेच पैसे आकारले जातील, हे नोंदणीच्या वेळी लेखी कळवावे. मुक्कामात एका रात्रीचा दर चढा ठेवून दुसऱ्या रात्रीपासून तो कमी करावा. शेजारच्या घराचा दर पाहून आपला दर लावणे मला धोक्याचे वाटते, कारण त्यांच्या घरात किती हात आहेत हे त्या दरात दिसत नाही.

जेवणात दोन्हींची अडचण वेगळी आहे. सहलीचे जेवण एकदम आणि मोठ्या प्रमाणावर होते, त्यामुळे पहाटे शिजवून दुपारपर्यंत झाकून ठेवण्याचा मोह होतो. शिजलेले अन्न साध्या तापमानाला 2 तासांपेक्षा जास्त ठेवू नये. वाढेपर्यंत ते 60 अंश सेल्सिअसच्या वर गरम राहिले पाहिजे. मुक्कामात अन्न थोडे आणि ताजे असते, पण ते दिवसातून तीन-चार वेळा करावे लागते. कच्चे दूध कोणत्याही पाहुण्याला प्यायला देऊ नये.

अंथरुणाचा प्रश्न फक्त मुक्कामाचा आहे. प्रत्येक खाटेसाठी चादरींचे तीन जोड असावेत: एक अंथरलेला, एक धुण्यात आणि एक कपाटात. प्रत्येक पाहुणा गेल्यावर गादीच्या शिवणी टॉर्च लावून पाहाव्यात; तेथे बारीक काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत असे समजून खोली ताबडतोब बंद ठेवावी.

सुरक्षिततेवर मात्र सर्वांत जास्त विचार हवा. सहलीत मोठा धोका लहान मुले आणि वासरे, करडे किंवा कोकरे यांच्या जवळिकीत असतो. जनावर अगदी निरोगी दिसत असले तरी त्याच्या शेणात ई. कोलाय ओ157 हा जंतू असू शकतो आणि पाच वर्षांखालील मुलांमध्ये त्यामुळे मूत्रपिंडापर्यंत इजा होऊ शकते. त्रास सहसा तीन-चार दिवसांनी सुरू होतो, म्हणून आपल्या गोठ्यातून काही गेले हे यजमानाला बहुधा कळतच नाही. शेणामातीने माखलेल्या हातांवर सॅनिटायझर पुरेसा काम करत नाही. साबण आणि वाहते पाणीच लागते. एका मुलाला अर्धा मिनिट धरले, तर एका नळावर वीस मुलांची रांग 10 मिनिटे चालते आणि शेवटची मुले हात न धुताच ताटावर बसतात. म्हणून गोठा आणि जेवणाची जागा यांच्या मधल्या वाटेवर, मुलांचे हात पोहोचतील अशा उंचीवर निदान तीन नळ बसवावेत.

मुक्कामातला धोका अंधाराचा आहे. अनोळखी पायऱ्या, उघडी विहीर आणि रात्री सोडलेला कुत्रा घरच्यांना सवयीने दिसत नाहीत. विहिरीला जाळी आणि शौचालयापर्यंत दिवे ही पहिल्या पाहुण्याच्या आधीची कामे आहेत. जनरेटर खिडकीजवळ किंवा बंद जागेत चालवू नये, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. कीटकनाशकांची खोली मात्र दोन्ही प्रकारांत कुलूपबंद हवी.

घरात काम करणारे दोघेच असतील, तर मी बारा जणांच्या आतल्या, पण किमान संख्या पक्की असलेल्या सहली आधी घेईन आणि मुक्कामासाठी एकच खोली, तीही किमान दोन रात्रींच्या अटीवर, कापणी उरकल्यानंतर उघडेन.