‘विसाल’ आणि ‘भेट’: इंग्रजीत नेताना कोणती वाट धरावी?

गझल आणि अभंग एकाच मैफलीत गायले जातात, श्रोत्यांत मराठी-उर्दू न कळणारी नातवंडं बसलेली असतात आणि पडद्यावर दाखवायला सोप्या इंग्रजी ओळी हव्या असतात. मी अशा ओळी करून देते. करायला बसलं की तीन वाटा दिसतात. शब्दकोशातला प्रतिशब्द घ्यावा, मूळ शब्द तसाच ठेवावा, किंवा शब्द सोडून त्यातली घटना साध्या वाक्यात सांगावी. तिन्ही वाटांनी दोन ओळी नेऊन पाहू.

पहिली गालिबची: ‘ये न थी हमारी किस्मत के विसाल-ए-यार होता, अगर और जीते रहते यही इंतजार होता.’ विसाल म्हणजे मीलन. शब्दकोश ‘युनियन विथ द बिलव्हेड’ देतो. अर्थ बरोबर आहे, पण आजच्या बोलण्यात ‘बिलव्हेड’ कुणी म्हणत नाही आणि ‘युनियन’ ऐकून आधी कामगार संघटना आठवते. मूळ शब्द ठेवावा तर छापील पुस्तकात तळटीप देता येते, पण पडद्यावरची ओळ काही सेकंदांत निघून जाते. तिसरी वाट अशी: ‘बीइंग विथ यू वॉज नेव्हर माय लक. इफ आय हॅड लिव्ह्ड लाँगर, आय’ड स्टिल बी वेटिंग.’ मी हीच घेते.

यात दोन गोष्टी बदलल्या, त्या जाणून बदलाव्यात. ‘यार’ शब्दातून स्त्री की पुरुष ते ठरत नाही, आणि उर्दू गझलेत प्रियकराने प्रेयसीबद्दल बोलतानाही पुल्लिंगी क्रियापद वापरायची रीत आहे. इंग्रजीत ‘ही’ किंवा ‘शी’ लिहिलं की ते दार बंद होतं. ‘यू’ ने ते उघडं राहतं, पण मुळात कवी ‘यार’बद्दल बोलतो आहे, इथे तो त्याच्याशीच बोलू लागतो. दुसरं, सूफी परंपरेत संताच्या मृत्यूलाही विसाल म्हणतात, म्हणून ‘आणखी जगलो असतो तर’ हे ऐकताना मागचा शब्द वेगळाच घुमतो. तो घुमार साध्या इंग्रजीत येत नाही. तो ओढूनताणून आणायला गेलं तर ओळ जड होते. मी तो सोडते, आणि निवेदकाला आधी एका वाक्यात सांगायला लावते.

आता तुकोबा: ‘भेटीलागी जीवा लागलीसे आस, पाहे रात्रंदिवस वाट तुझी.’ इथे शब्दकोश जास्त फसवतो. भेट म्हणजे ‘मीट’, पण ‘आय वॉन्ट टू मीट यू’ म्हणजे ओळख नसलेल्या माणसाची वेळ मागितल्यासारखं होतं. ‘सी यू’ हवं. ‘जीवा’ला ‘सोल’ केलं की प्रवचन सुरू होतं. इंग्रजी ‘मी’ पुरेसं आहे.

खरी मेख ‘लागलीसे’ मध्ये आहे. आस लागते तशीच भूक लागते, आणि अभंगाचा शेवट आहे: ‘तुका म्हणे मज लागलीसे भूक, धावूनी श्रीमुख दावी देवा.’ पहिल्या ओळीतलं क्रियापद शेवटी परत येतं. वर ‘आय लाँग टू सी यू’ आणि खाली ‘आय ॲम हंग्री’ असं लिहिलं तर दोन्ही ओळी सुट्या बरोबर, पण अभंगाचा धागा तुटतो. बऱ्याच खटपटीनंतर मला सापडलं ते असं: वर ‘द लाँगिंग टू सी यू हॅज गॉट होल्ड ऑफ मी’, खाली ‘हंगर हॅज गॉट होल्ड ऑफ मी’. मराठीत आस माणसाला येऊन चिकटते, माणूस ती करत नाही. तेही यात टिकतं.

मधली ओळ ‘दिवाळीच्या मुळा लेकी आसावली, पाहतसे वाट पंढरीची’. इथे मूळ म्हणजे झाडाचं मूळ नव्हे, सासरी असलेल्या लेकीला आणायला माहेरहून येणारं माणूस, बोलावणं. हा अर्थ आजच्या शहरी मराठी वाचकालाही चटकन लागत नाही, म्हणून मूळ शब्द ठेवून काहीच साधत नाही. ‘अ मॅरीड डॉटर ॲट दिवाळी, वॉचिंग द रोड फ्रॉम पंढरी फॉर समवन टू टेक हर होम’ इतकं सरळ लिहिलं की इंग्रजी वाचणारी मुलगीही तुकोबांच्या शेजारी उंबऱ्यात येऊन उभी राहते.

माझा कल म्हणूनच असा: अभंगात जवळजवळ नेहमी तिसरी वाट, कारण तुकोबांचे शब्द घरातले आहेत आणि घरातली घटना कुठल्याही भाषेत सांगता येते. अपवाद ‘विठ्ठल’, ‘पंढरी’ अशा नावांचा. ‘लॉर्ड’ लिहून ती पुसू नयेत. गझलेत मात्र छापील पुस्तक असेल तर ‘साकी’ किंवा ‘विसाल’ तसेच ठेवून टीप द्यायला मी तयार असते, कारण तिथले शब्द शतकानुशतकं त्याच वर्तुळात फिरत आलेले आहेत आणि एका शेरातला ‘साकी’ दुसऱ्या शेराची आठवण देतो. पडद्यासाठी नाही.

ओळ जमली की नाही ते पाहायला मी मूळ न ऐकवता फक्त इंग्रजी एखाद्या तरुण मुलाला मोठ्यानं वाचायला देते. कोण कुणाला काय म्हणतंय, एवढं विचारते. ‘युनियन’वाल्या ओळीला तो अडतो, ‘स्टिल बी वेटिंग’ला अडत नाही.