शोधनिबंधातलं ‘मे’, ‘सजेस्ट्स’ आणि ‘असावे’: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठ महिन्यांत मी एक शोधनिबंध इंग्रजीत लिहिला आणि त्याच अभ्यासावरचं प्रबंधाचं प्रकरण मराठीत. दोन्हीकडे एकाच जागी अडले. जेवढं हाती लागलंय तेवढंच म्हणायचं तर क्रियापद कुठलं घ्यायचं? ‘मे’, ‘सजेस्ट्स’, ‘अपिअर्स टू’ हे सावधपणाचे इंग्रजी शब्द मी आधीही वापरत होते, पण भाजीत मीठ घालावं तसे, अंदाजाने. आता ते जाणूनबुजून वापरते. त्यांनी कुठे साथ दिली आणि कुठे फसवलं, ते इथे लिहिते आहे.

सुरुवात एका परीक्षकाच्या शेऱ्याने झाली. पहिल्या मसुद्यावर त्यांनी लिहिलं होतं की तुमचा डेटा हे म्हणत नाही. मी घाबरून जवळजवळ प्रत्येक वाक्यात ‘मे’ आणि ‘पॉसिबली’ घातलं आणि मसुदा परत पाठवला. दुसऱ्या परीक्षकाने विचारलं, मग तुमचं म्हणणं नेमकं आहे तरी काय? दोन्ही शेरे बरोबर होते. माझ्या गाईडनी तो मसुदा समोर ठेवला, एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारलं, “हे तू मोजलंस, की तुला वाटतंय?” वाक्य मोजलेल्या गोष्टीचं होतं आणि त्यात ‘मे’ होतं. खालचं वाक्य निव्वळ तर्काचं होतं आणि ते ठाम होतं.

तेव्हा काय चुकत होतं ते एका उदाहरणाने सांगते. माझा विषय वेगळा आहे, पण सांगाडा हाच. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. समजा ४८ विद्यार्थ्यांनी दोन आठवडे रोज दोन नोंदी केल्या: झोपण्याआधी फोन किती मिनिटं पाहिला, आणि दिवा मालवल्यावर झोप किती मिनिटांनी लागली. दोन्हींचा सहसंबंध ०.३१ निघाला आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.०३ ते ०.५५ इतका रुंद आला. म्हणजे संबंध शून्याच्या जवळचाही असू शकेल आणि बऱ्यापैकी घट्टही.

यावर माझ्यासारखीने पहिल्या झटक्यात लिहिलेलं वाक्य असं असतं: “फोनच्या वापरामुळे झोप उशिरा लागते, हे या अभ्यासातून सिद्ध झाले.”

या एका वाक्यात चार वेगवेगळे दावे एकमेकांवर चढलेले आहेत. सर्वांत खालचा असा की या ४८ जणांच्या नोंदींत दोन आकडे सोबतीने वाढले. त्यावरचा असा की इतर विद्यार्थ्यांतही असंच असेल. त्याच्यावर, फोन हे कारण आहे आणि उशिरा येणारी झोप हा त्याचा परिणाम. आणि मनात धरलेला चौथा असा की पडद्याच्या उजेडाने मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक दबतं, म्हणून हे घडतं. यातला पहिला मी मोजला आहे. दुसऱ्यासाठी नमुना छोटा आहे. तिसऱ्याच्या आड एक सरळ शंका येते: ज्यांना मुळातच झोप लागत नाही, तेच फोन हातात घेऊन पडून राहत असतील. आणि चौथ्यासाठी तर मी काहीच मोजलेलं नाही. मेलाटोनिन हा शब्द दुसऱ्यांच्या अभ्यासांतून आलेला आहे.

आता सावधपणाचा शब्द कुठे घालायचा हे आपोआप दिसतं. पहिल्या दाव्याला तो नको. “या गटात दोन्ही आकड्यांत सहसंबंध आढळला” हे घडून गेलेलं आहे, ते सरळ सांगायचं. तिथे ‘कदाचित’ घातलं तर वाचणाऱ्याला वाटतं, हिने मोजणीच नीट केली नाही की काय. तिसऱ्या आणि चौथ्याला मात्र तो हवाच. माझ्या मसुद्यात नेमकं उलटं झालं होतं. भीती सगळीकडे सारखी पसरली होती, आणि जिथे पाय खरोखर घसरत होता तिथे काहीच आधार नव्हता.

पुढची गोष्ट समजायला मला आणखी दोन महिने लागले, आणि या सगळ्या वापरात मला तीच सर्वांत मोलाची वाटते. ‘फोन कदाचित झोप लांबवतो’ असं लिहिल्याने काही सुधारत नाही. कारण दावा ‘कदाचित’मध्ये नसतो, तो ‘लांबवतो’मध्ये असतो. ‘लांबवतो’, ‘वाढवतो’, ‘-मुळे’, ‘परिणाम’ हे सगळे कार्यकारणभावाचे शब्द आहेत. त्यांच्यापुढे कितीही शक्यता लावली तरी वाचणाऱ्याच्या डोक्यात फोन हेच कारण म्हणून राहतं. आधी क्रियापद बदलावं लागतं: ‘संबंध दिसून आला’, ‘सोबत आढळलं’. मग हवं तर पुढच्या वाक्यात कारणाची शक्यता वेगळी मांडावी. माझ्या प्रकरणाच्या शीर्षकातच ‘परिणाम’ हा शब्द होता. आत पानापानांवर मी सावध झाले होते, आणि दारावरची पाटी मात्र ठाम दावा करत होती.

दुरुस्तीनंतर ते वाक्य असं झालं: “या गटात, झोपण्याआधी फोन जास्त वेळ पाहणाऱ्यांना झोप लागायला अधिक वेळ लागल्याचे आढळले. मात्र नोंदी त्यांनी स्वतःच केलेल्या असल्याने आणि झोप न लागणारेच फोन जास्त पाहत असण्याची शक्यता असल्याने, फोन हे कारण आहे असे यावरून म्हणता येत नाही.” पहिलं वाक्य ठाम आहे. दुसऱ्यात शंका आहे, पण तिला नाव आहे. सावधपणाचा शब्द टाकण्याआधी मी आता स्वतःला विचारते की तो का टाकते आहे. कारण सांगता आलं तर ते कारणच वाक्यात लिहिते, आणि पुष्कळदा मग ‘मे’ची गरजच उरत नाही. कारण सांगता आलं नाही तर शब्द काढून टाकते, कारण तो नुसत्या भीतीपोटी आलेला असतो. एकावर एक चढलेले शब्द याच कसोटीवर पकडता येतात. “असे असू शकण्याची शक्यता असावी असे वाटते” हे माझंच वाक्य होतं. त्यात शंका चार वेळा आहे आणि कारण एकही नाही.

मराठीत लिहिताना इंग्रजीत नसलेल्या अडचणी आल्या. त्यांच्याबद्दल मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली ‘शकते’ची. ‘मे रिड्यूस’चं भाषांतर मी डोळे मिटून ‘कमी करू शकते’ असं करत होते. पण “हे औषध ताप कमी करू शकते” हे वाक्य एखाद्याला वाचायला द्या. तो म्हणेल, औषधात ती ताकद आहे. मराठीतलं ‘शकणे’ आधी क्षमता सांगतं, शक्यता नंतर. म्हणजे सावध व्हायला गेले आणि दावा आणखी पक्का करून बसले. आता मी ‘कमी करत असावे’ किंवा ‘कमी होत असण्याची शक्यता आहे’ असं लिहिते. लांब होतं, पण अर्थ तोच राहतो.

दुसरी ‘दिसते’ची. ‘असे दिसते’ म्हणजे अंदाज. ‘असे दिसून आले’ म्हणजे निष्कर्ष, जवळजवळ पुराव्याइतका. आणि ‘आलेखात दिसते’ म्हणजे तर डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट. क्रियापद एकच, पण ताकद तीन प्रकारची. ‘अपिअर्स टू’साठी मी घाईत ‘दिसून येते’ लिहीत असे, आणि त्याने वाक्याची ताकद दुप्पट होत असे. तिसरी ‘असावे’ची. ते अनुमानही सांगतं आणि अपेक्षाही. “नमुना मोठा असावा” म्हणजे तो मोठा आहे असं वाटतं, की तो मोठा असायला हवा? आजूबाजूच्या वाक्यांवरून कळत नसेल तर मी ‘बहुधा’ घालते, किंवा ‘असायला हवा’ असं सरळ लिहिते. ‘सिद्ध झाले’ हा शब्द तर मी गणितापुरताच ठेवला आहे.

एक उणीव मात्र या शब्दांची स्वतःची आहे: त्यांची ताकद ठरलेली नाही. तुमचं ‘मे’ आणि माझं ‘मे’ सारखं नसतं. काही क्षेत्रांनी यावर पायऱ्या आखून घेतल्या आहेत. वैद्यकीय पुरावे तोलणाऱ्या ग्रेड पद्धतीत पुरावा भक्कम असेल तर ‘कमी करते’ असं थेट लिहायचं, मध्यम असेल तर ‘प्रॉबेब्ली’ किंवा ‘लाइकली’, कमकुवत असेल तर ‘मे’, आणि फारच कमकुवत असेल तर पुरावा अतिशय अनिश्चित आहे असं स्पष्ट म्हणायचं. हवामानबदलावरच्या आयपीसीसीच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे ६६ ते १०० टक्के शक्यता आणि ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ९० ते १०० टक्के, असं ठरलेलं आहे. माझ्या विषयात असं काही नाही. म्हणून पुराव्याप्रमाणे उतरत्या क्रमाने चार शब्द मी स्वतःच ठरवले आणि प्रकरणभर तेच पाळले. एका पानावर ‘सूचित होते’ आणि त्याच पुराव्यासाठी पुढच्या पानावर ‘स्पष्ट होते’, असं आता होत नाही. वाक्यरचना थोडी एकसुरी होते, हे खरं. ती एकसुरी झालेली मला चालते.

सर्वांत जास्त त्रास संदर्भ देताना झाला, आणि तो अजून संपलेला नाही. मूळ लेखकाने ‘मे बी असोसिएटेड विथ’ लिहिलेलं असतं. मी टिपण काढताना ‘संबंध आहे’ लिहिते. महिन्याभराने टिपणावरून प्रकरण लिहिताना त्याचं ‘-मुळे होते’ होतं. कुठेही खोटं लिहिल्याची जाणीव होत नाही. प्रत्येक टप्प्यावर एकेक शब्द गळतो इतकंच. हे माझ्या ध्यानात आलं ते एका लेखकाचा मूळ निबंध दुसऱ्यांदा उघडला तेव्हा. मी त्यांच्या नावावर जे ठाम विधान लिहिलं होतं, ते त्यांनी चर्चेच्या भागात, पुढच्या संशोधनासाठीचा अंदाज म्हणून मांडलं होतं. तेव्हापासून टिपणात मी मूळ क्रियापद जसंच्या तसं उतरवते, आणि ते विधान निष्कर्षांतलं आहे की चर्चेतलं हेही बाजूला लिहिते. यात वेळ जातो.

सारांशातही हीच गळती होते, तिथे कारण शब्दमर्यादेचं. २५० शब्दांत बसवताना पहिली कात्री ‘या गटात’ आणि ‘शक्यता आहे’वर चालते, आणि बहुतेक लोक फक्त सारांशच वाचतात. मी आता पार्श्वभूमीचं एक वाक्य कापते, पण निष्कर्षाच्या वाक्यातली मर्यादा ठेवते. निबंध स्वीकारला गेला तेव्हा सारांशात दोन ‘मे’ उरले होते. दोन्ही कशासाठी आहेत ते मला सांगता येत होतं. मराठी प्रकरणाच्या शीर्षकात ‘परिणाम’च्या जागी ‘संबंध’ आला आहे. प्रस्तावनेतले जुने संदर्भ मात्र अजून मूळ निबंधांशी ताडून पाहायचे आहेत, आणि ते काम मी रोज थोडं थोडं करते आहे.