नागपूरची ट्रेन सुटली, आता वर्धा गाठायचं की बडनेरा?

मुंबईकडे जाणारी गाडी डोळ्यासमोर सुटली की सगळ्यांच्या तोंडी एकच, वर्ध्याला पकडू. मला ते पटत नाही. वर्धा रुळाने ७८ किमी, गाडी तासाभरात पोचते आणि आपल्याला बुटीबोरीपर्यंतच्या ट्रॅफिकमधून तिथे जायला दीड तास सहज लागतो, म्हणजे गाडी आधीच लेट असेल तरच जमतं बाप्पा.

अमरावतीजवळच्या बडनेऱ्याचं गणित वेगळंय. रेल्वे आधी खाली वर्ध्याला जाते मग पुलगाव, धामणगाव करत पश्चिमेला वळते, असे १७४ किमी होतात, आपला अमरावती रोड मात्र कोंढाळी, तळेगाववरून बराच सरळ जातो आणि साधारण २० किमी वाचतात. समजा गाडी ५ ला सुटली, तर बडनेऱ्याला पावणेआठच्या आसपास येते. तुम्ही सव्वापाचला निघालात, नागपूरच्या वेशीवरची वाडी पार करायला पाऊण तास गेला आणि पुढे सरासरी ७०ने गेलात तरी आठ वाजतात. म्हणजे इथेही १५-२० मिनिटं कमीच पडतात, पण गाड्या वाटेत तेवढ्या रखडतात कधीकधी, तर निघण्याआधी आपली गाडी बडनेऱ्याला थांबते का बघा आणि सोबतच्याला रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर गाडी कुठे पोचली यावर लक्ष ठेवायला सांगा, तळेगावला पोचेपर्यंत गाडीने धामणगाव सोडलं असेल तर स्पीड वाढवू नका, परत फिरा.

गाडी सुटल्यावर बोर्डिंग बदलत नाही, म्हणून डब्यातल्या ओळखीच्याकडून टीटीईला लगेच कळवा, नाहीतर बर्थ आरएसीवाल्याला जाऊ शकतो.