मोलच्या उत्तराची फेरतपासणी: वस्तुमानांचा ताळा की एककांचा माग?

मोल संकल्पनेवरील गणितात आकडेमोड बरोबर असूनही उत्तर चुकते, तेव्हा बहुतेक वेळा मोलार वस्तुमान चुकीचे घेतलेले असते किंवा गुणोत्तर उलटे मांडलेले असते. तपासण्याच्या दोन रीती आहेत आणि त्या एकच चूक पकडत नाहीत, म्हणून निवड विचारपूर्वक करावी लागते.

उदाहरण घेऊ: 4Al + 3O₂ → 2Al₂O₃. ॲल्युमिनिअम ५.४ ग्रॅम, म्हणजे ०.२ मोल. त्याला ०.१५ मोल, म्हणजे ४.८ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि ०.१ मोल, म्हणजे १०.२ ग्रॅम ऑक्साइड मिळते.

पहिली रीत वस्तुमानांच्या ताळ्याची: ५.४ अधिक ४.८ बरोबर १०.२. एखाद्याने ऑक्सिजनसाठी ३२ ऐवजी १६ घेतले, तर ऑक्सिजन २.४ ग्रॅम येतो, बेरीज ७.८ होते आणि चूक उघडी पडते. गुणोत्तर उलटे धरून ०.२ ला ४/३ ने गुणले, तर ऑक्सिजन ८.५३ ग्रॅम आणि बेरीज १३.९३ येते, म्हणजे तीही चूक सुटत नाही. मात्र नेमके कोठे चुकले हे ताळा सांगत नाही, आणि प्रश्नात केवळ ऑक्सिजन विचारला असेल तर ऑक्साइडचे वस्तुमान स्वतंत्रपणे काढण्याचे काम वाढते.

ताळ्याची खरी उणीव वेगळी आहे. ॲल्युमिनिअमचे अणुवस्तुमान २७ ऐवजी २६ धरून तेच सर्वत्र वापरले, तर ऑक्साइडचे मोलार वस्तुमान १०० होते, ऑक्सिजन ४.९८ ग्रॅम आणि ऑक्साइड १०.३८ ग्रॅम येते, आणि ताळा बिनचूक जुळतो! चूक दोन्ही बाजूंना सारखीच शिरल्यामुळे बेरजेला ती दिसत नाही.

दुसरी रीत एककांचा माग काढण्याची: प्रत्येक संख्येपुढे ‘मोल Al’, ‘मोल O₂’ असे पदार्थाच्या नावासह लिहावे आणि काय कटते ते पाहावे. उलट्या गुणोत्तरात ‘मोल Al’ कटतच नाही, त्यामुळे चुकीची ओळ लगेच सापडते. परंतु ‘४ मोल O₂ / ३ मोल Al’ असे चुकीचे सहगुणक लिहिले, तर एकके सुरळीत कटतात. तेव्हा समीकरणाकडेच पाहावे लागते. ऑक्सिजनसाठी १६ घेतल्याची चूकही या रीतीत लपून राहते, कारण ‘ग्रॅम प्रति मोल’ हे एकक तेच राहते.

परीक्षेत दोनच मिनिटे उरली असतील आणि दोन्ही वस्तुमाने काढलेली असतील, तर मी ताळा निवडेन. विद्यार्थ्याच्या वहीत चूक दाखवून द्यायची असेल, तर माग काढणे अधिक उपयोगी ठरते. दोन्ही प्रसंगी अणुवस्तुमाने मात्र आवर्तसारणीशी स्वतंत्रपणे पडताळावीत, कारण तेथील चूक या दोन्ही रीतींतून निसटू शकते.