अमेरिकेत मुलांना पैसे पाठवणे: आठ महिन्यांच्या वापरानंतर

नागपुरातून दर महिन्याला खर्चाचे पैसे पाठवताना बँकेची शाखा आणि ऑनलाइन सेवा असे दोन्ही मार्ग आम्ही वापरले. मत आधीच सांगतो: फी किती हे नंतर विचारा, डॉलर कितीला पडतो ते आधी विचारा.

समजा, बाजारातला मधला दर 90 रुपये आहे आणि 2,500 डॉलर पाठवायचे आहेत. बँक म्हणते फी माफ, पण दर लावते 91.60. ऑनलाइन सेवा दर देते 90.60, वर 1,500 रुपये फी आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,770. रुपये बदलण्यावरचा जीएसटी दोन्हीकडे आणखी लागतो, बँकेत साधारण 296 आणि ऑनलाइन 294 रुपये. बँकेत एकूण 2,29,296 रुपये जातात, ऑनलाइन 2,28,564. फुकट वाटणारा मार्ग 732 रुपयांनी महाग पडला, कारण नफा दरात दडलेला असतो आणि पावतीवर तो वेगळा दिसत नाही.

मात्र हेच गणित 1,000 डॉलरला उलटते. दरातला फरक तिथे 1,000 रुपयांचाच, फी मात्र तीच 1,770. या दरांत दोन्ही मार्ग सुमारे 1,770 डॉलरला बरोबरीत येतात. त्यामुळे घरभाड्यासाठी दर महिन्याला थोडेथोडे पाठवण्यापेक्षा दोन महिन्यांचे एकत्र पाठवणे बरे.

बँकेत पहिल्यांदा सांगितला जातो तो कार्ड रेट. तो सकाळी ठरतो आणि दिवसभराच्या चढउताराची जोखीम धरून जास्त ठेवलेला असतो. रक्कम मोठी असेल तर ‘ट्रेझरीकडून डील रेट घ्या’ असे स्पष्ट म्हणा, म्हणजे बँकेच्या चलन विभागाकडून तुमच्या व्यवहारासाठी त्या वेळचा वेगळा दर. सेमिस्टरच्या फीला तर नक्कीच. सीताबर्डी असो की धरमपेठ, प्रत्येक शाखेत फॉरेक्सचे काम होत नाही. जाण्याआधी फोन करून विचारा, नाहीतर परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म ए-2 आणि पॅन घेऊन दुसऱ्या शाखेत जावे लागते आणि तोवर दर बदललेला असतो.

सगळ्यात त्रासदायक चूक फॉर्मवरच्या एका खुणेची आहे. शुल्काच्या रकान्यात SHA, म्हणजे शुल्क दोघांत वाटून, निवडले की मधली बँक वाटेत आपले शुल्क कापू शकते. घरखर्चात ते खपते. विद्यापीठाच्या खात्यात मात्र फी काही डॉलरने कमी जमा होते आणि थकबाकी दिसत राहते. फी भरताना OUR, म्हणजे सगळे शुल्क पाठवणाऱ्याकडे, निवडा, पेमेंटच्या तपशिलात विद्यार्थी क्रमांक लिहा आणि स्विफ्ट कॉपी, म्हणजे बँकेने पुढच्या बँकेला पाठवलेल्या संदेशाची प्रत, मागून घ्या. पैसे अडकले तर शोध त्याच कॉपीवरून लागतो.

वेगात आम्हाला फारसा फरक जाणवला नाही. दोन्हीकडे साधारण एक ते दोन कामाचे दिवस लागतात. शुक्रवारी दुपारी पाठवलेले पैसे मात्र सोमवार-मंगळवारवर जातात, कारण शनिवार-रविवार तिकडची व्यवस्था बंद. भाडे एक तारखेला असेल तर आधीच्या आठवड्यात, मंगळवारपर्यंत पाठवा.