कलम 3, कलम 4 की कलम 5-6: स्पर्धा कायद्यातली तक्रार नेमकी कुठे बसते?

परीक्षेत किंवा मूट कोर्टात स्पर्धा कायद्याचा प्रश्न आला की बहुतेक विद्यार्थी आधी कंपनी किती मोठी आहे हे पाहतात. मोठी असेल तर वर्चस्वाचा गैरवापर, दोन-तीन कंपन्या असतील तर कार्टेल म्हणजे स्पर्धकांचं संगनमत, कंपन्यांचीच खरेदी-विक्री असेल तर कॉम्बिनेशन. या सवयीने उत्तर कधी बरोबर येतं, पण कारण चुकतं, आणि परीक्षकाला कारणच हवं असतं. माझ्या मते पहिला प्रश्न हा असावा: निर्णय किती स्वतंत्र डोक्यांनी घेतला, आणि नुकसान होऊन गेलंय की अजून व्हायचंय? एकट्याने घेतलेला निर्णय कलम 4 कडे नेतो. एरवी एकमेकांशी झगडणाऱ्यांनी मिळून घेतलेला निर्णय कलम 3 कडे नेतो. दोन डोक्यांचं पुढे एकच डोकं होणार असेल, तर कलम 5 आणि 6.

हे एका खऱ्या प्रकरणावर तपासून पाहू आणि त्याच्या वस्तुस्थितीत थोडे थोडे बदल करत जाऊ.

साठवणीतल्या धान्याच्या गोळ्या

भारतीय अन्न महामंडळ गोदामातलं धान्य किडीपासून वाचवायला ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या विकत घेतं. 2009 च्या निविदेत तीन उत्पादकांनी किलोला एकच दर भरला: 388 रुपये. त्यातल्या युनायटेड फॉस्फरस आणि एक्सेल क्रॉप केअर या मोठ्या, तर संध्या ऑरगॅनिक तुलनेने अगदी छोटी. कारखाने वेगळे, आकार वेगळे, खर्चाची रचना वेगळी, तरीही दर रुपयापर्यंत सारखा. आधीच्या निविदांमध्येही असंच घडलं होतं. महामंडळाने तक्रार केली, भारतीय स्पर्धा आयोगाने 2012 मध्ये दंड केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2017 मध्ये न्यायालयाने संगनमताचा निष्कर्ष कायम ठेवला.

इथे कलम 3(3) लागतं, कारण हे स्पर्धक एकाच पातळीवर उभे आहेत आणि आरोप निविदेतल्या संगनमताचा आहे. या कलमाची ताकद त्याच्या गृहीतकात आहे. दर ठरवणं, उत्पादन रोखणं, बाजार वाटून घेणं किंवा निविदेत साटंलोटं करणं, यापैकी एखादा करार सिद्ध झाला की स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम झाला असं कायदाच धरून चालतो. तो झाला नाही हे दाखवायची जबाबदारी मग कंपन्यांवर येते. तक्रारदाराने बाजारपेठेच्या सीमा आखत बसायची गरज फारशी राहत नाही. त्याचं खरं ओझं आधी असतं: करार होता हे दाखवणं.

विद्यार्थी नेमके इथे घसरतात. दर सारखा आहे म्हणजे करार झाला, असं ते लिहून मोकळे होतात. तेवढ्याने भागत नाही. मोजके विक्रेते असलेल्या बाजारात एकाने दर वाढवला की दुसरा बघून वाढवतो. पेट्रोल पंपांवर हे रोज दिसतं आणि त्यात बेकायदा काही नाही. म्हणून सारख्या दराच्या जोडीला आणखी काहीतरी लागतं. गोळ्यांच्या प्रकरणात ते होतं. निविदा बंद पाकिटातली, म्हणजे दुसऱ्याचा दर बघून आपला लावायची सोयच नव्हती. खर्च वेगवेगळे, तरी आकडा एक. आणि हे एकदा नव्हे, वारंवार. लेखी करार किंवा ईमेल सापडलाच पाहिजे असं न्यायालयाने म्हटलं नाही. परिस्थितीजन्य पुरावा आणि शक्यतांचा कल पुरेसा मानला. कंपन्यांचा एक बचाव असाही होता की कलम 3 हे 20 मे 2009 पासून अंमलात आलं आणि निविदा त्याआधीची. पण दराच्या वाटाघाटी त्या तारखेनंतर झाल्या होत्या, त्यामुळे तो टिकला नाही.

आता वस्तुस्थिती बदलू: तिघांच्या हातात सगळा बाजार

समजा संगनमताचा पुरावा कमजोर आहे, पण तिघे मिळून बाजाराचा जवळजवळ सगळा हिस्सा राखून आहेत. मग कलम 4 लावता येईल का? मोह होतो, पण उत्तर नाही. कलम 4 एखाद्या उद्योगाबद्दल किंवा एका समूहाबद्दल बोलतं, आणि समूह म्हणजे एकाच नियंत्रणाखालच्या कंपन्या. परस्पर स्वतंत्र कंपन्यांचं सामूहिक वर्चस्व भारतीय कायद्यात नाही. बंगळुरूच्या टॅक्सी बाजाराबद्दल ओलाविरुद्धच्या तक्रारींचा निकाल 2017 मध्ये लागला. तिथे तक्रारदारांनी ओला आणि उबर यांचं एकत्रित वर्चस्व मांडून पाहिलं. आयोगाने ते मान्य केलं नाही, आणि उबर समोर खंबीरपणे उभी असल्यामुळे एकटी ओला वर्चस्वात आहे असंही धरलं नाही. युरोपातल्या कायद्यात सामूहिक वर्चस्व आहे, म्हणून पाठ्यपुस्तकातलं ते प्रकरण वाचून इथे लावू नका.

मोठ्या हिश्श्याच्या तीन कंपन्या असतील आणि करार सिद्ध होत नसेल, तर आपल्या कायद्यात त्या वागणुकीला जागाच सापडत नाही. ही पोकळी आहे, आणि उत्तरात ती स्पष्ट लिहिली तर गुण जात नाहीत, मिळतात.

एकट्याची दादागिरी: बेलेअरचे फ्लॅटधारक

खरं कलम 4 कसं चालतं हे डीएलएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात दिसतं. गुरगावच्या बेलेअर प्रकल्पात लोकांनी 19 मजली इमारती समजून फ्लॅट घेतले. नंतर मजले 29 झाले. तीच जमीन, तेच रस्ते, लिफ्ट, बाग, आणि त्यात वाटेकरी कितीतरी जास्त. करारात आराखडा बदलायचा अधिकार बिल्डरकडे होता. ग्राहकाचा हप्ता चुकला तर जबर व्याज, बिल्डरला उशीर झाला तर किरकोळ भरपाई. आयोगाने 2011 मध्ये 630 कोटी रुपयांचा दंड केला.

इथे करार आहे, मग कलम 3 का नाही? कारण हा स्पर्धकांमधला करार नाही. बिल्डर आणि घर घेणारा यांच्यातला आहे, आणि घर घेणारा माणूस वितरकासारखा पुरवठ्याच्या साखळीतला दुवाही नाही. त्याच्यावर अटी लादल्या गेल्या. म्हणून प्रश्न एकट्याच्या ताकदीचा.

कलम 4 मध्ये कोणतंही गृहीतक तुमच्या मदतीला येत नाही. तीन पायऱ्या चढाव्या लागतात: संबंधित बाजारपेठ कोणती, तिच्यात वर्चस्व आहे का, आणि त्याचा गैरवापर झाला का. वर्चस्व असणं हा गुन्हा नाही. लढाई बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर जिंकली किंवा हरली जाते. आयोगाने बाजार धरला तो गुरगावमधल्या उच्चभ्रू घरांचा. तो संपूर्ण दिल्ली परिसरातल्या सगळ्या घरांचा धरला असता, तर डीएलएफ अनेकांपैकी एक ठरली असती आणि तक्रार तिथेच संपली असती. म्हणून बाजार आखताना घर घेणारा माणूस दरात थोडी वाढ झाली तर कुठे जाईल, हे विचारा. गुरगावमध्येच नोकरी असलेला माणूस पाच टक्के वाचवायला शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला जाईल का? आयोगाचा तर्क असाच होता.

पुण्या-मुंबईतले विद्यार्थी यावर हमखास विचारतात: आमच्या बिल्डरनेही अस्संच केलं, मग कलम 4? अटी कितीही एकतर्फी असोत, वर्चस्व नसेल तर कलम 4 लागत नाही. तिथे रस्ता महारेराचा किंवा ग्राहक आयोगाचा. अन्याय आहे म्हणून स्पर्धा कायदा, ही उडी घेऊ नका.

आणि दोन मोठ्या उत्पादक कंपन्या एकत्र आल्या तर?

पुन्हा गोळ्यांकडे. समजा एका मोठ्या उत्पादकाने दुसऱ्याचे शेअर्स विकत घेतले. आता संगनमताची गरजच उरली नाही, कारण दर एकाच टेबलावर ठरणार. म्हणून कलम 5 आणि 6 आधीच पाहतात. मालमत्ता किंवा उलाढाल कायद्याच्या मर्यादेवर असेल, तर व्यवहार आयोगाला कळवावा लागतो आणि मंजुरीपर्यंत थांबावं लागतं. सप्टेंबर 2024 पासून व्यवहाराची किंमत 2,000 कोटी रुपयांवर असेल आणि खरेदी होणाऱ्या कंपनीचा भारतात लक्षणीय व्यवसाय असेल, तर उलाढाल छोटी असली तरी कळवावं लागतं. इथे कुणी काही गुन्हा केलेला नसतो. आयोगाला भविष्याचा अंदाज बांधायचा असतो. म्हणून उत्तरही दंडाचं नसून दुरुस्तीचं असतं.

2014 मध्ये सन फार्माने रॅनबॅक्सी घ्यायचं ठरवलं तेव्हा आयोगाने सगळी औषधं एकत्र न बघता प्रत्येक रेणूचा, म्हणजे औषधातल्या मूळ घटकाचा, बाजार वेगळा तपासला. बहुतेक ठिकाणी काळजीचं कारण नव्हतं. सात उत्पादनांमध्ये मात्र दोघी एकत्र येताच स्पर्धा फार कमी झाली असती. ती सात विकून टाका या अटीवर मंजुरी मिळाली, आणि ती पुण्याच्या एमक्युअरने घेतली. एवढ्या मोठ्या व्यवहारात फक्त सात उत्पादनांवर बोट ठेवणं, हा या विषयातला मला सर्वात शिकवण्यासारखा भाग वाटतो. संपूर्ण विलीनीकरण चांगलं की वाईट असा प्रश्न इथे नसतोच.

दंडाचा हिशेब बदललाय

गोळ्यांच्या प्रकरणात आयोगाने एकूण उलाढालीवर दंड लावल्याने युनायटेड फॉस्फरसला सुमारे 252 कोटी रुपये बसले. अपीलात तो फक्त गोळ्यांच्या उलाढालीवर मोजला गेला आणि 7 कोटींच्या आत आला. सर्वोच्च न्यायालयाने हीच पद्धत मान्य केली. अनेक नोट्स इथेच थांबतात. 2023 च्या दुरुस्तीने उलाढाल म्हणजे जगभरातली, सगळ्या उत्पादनांची, असं ठरवलं. 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सुरुवात संबंधित उलाढालीपासून होते, पण वरची मर्यादा जागतिक उलाढालीवर मोजली जाते.

आणखी एक फरक सल्ला देताना कामी येतो. कलम 4 च्या चौकशीत कंपनी आता तडजोड किंवा वागणूक सुधारण्याची हमी देऊ शकते. कार्टेलला ती वाट बंद आहे. तिथे दंड सवलतीसाठी कबुलीजबाब घेऊन आधी पोहोचणाऱ्यालाच जास्त फायदा मिळतो. त्यामुळे अशील तुमच्याकडे आला आणि त्याच्यावर स्पर्धकांबरोबर दर ठरवल्याचा संशय असेल, तर कलम कोणतं हे त्याच संध्याकाळी ठरवावं लागतं. दुसरी कंपनी आयोगाच्या दारात आधी गेली, की पूर्ण माफीची जागा गेली.